अक्षरवाली सिरियल

ताईच्या इंटरव्यूले अठरा दिवस राह्यले होते, अन तिले इंग्रजी ऐकू येत नव्हतं.

कान ठीक होते तिचे. राजुऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती वच्छलाताई. लेकराले नुसतं मांडीवर घेतलं का त्याच्या छातीतली घरघर सांगे. इंग्रजी वाचाले तर एकदम फर्राट, नर्सिंगची जाडी जाडी पुस्तकं सारी इंग्रजीतच शिकली ना. पण कोणी इंग्रजी बोललं का तिच्यासाठी नुसता गलका. मागच्या साली आखाती देशातल्या एका दवाखान्यासाठी नर्सा निवडाले नागपूरले लोकं आले होते. लेखी परीक्षेत ताईचा पह्यला नंबर. मंग आत बोलावलं. तिथली मेट्रन गोरी बाई. तिनं काय इचारलं ते ताईले समजलंच नाई. पाच वेळा 'पार्डन मॅडम' म्हणली अन बाहेर आली.

यंदा नर्सा पाठवणाऱ्या एजंटानं परत नाव घातलं. पण तीस वर्साच्या वर ते घेत नव्हते, अन ताईले ऑगस्टात तीस पुरत होते. म्हणजे हा शेवटचाच. इथं तिची नोकरी टेम्परवारी. सात वर्स झाले, दर सहा महिन्यानं ऑर्डर संपे, अन दर सहा महिन्यानं ती साहेबाच्या टेबलासमोर हात बांधून उभी राहे. ते मले पाहवत नव्हतं. माहं डोकं लवकर फिरते. नववीत मास्तरनं माहा कान पिळला तं मी त्याचा हात पिळला, अन शाळा तिथीच संपली. पण माह्या नजरेतून काही सुटत नाई. म्हणून ताईनं इंग्रजी सिरियल शोधाचं काम मले सांगतलं.

सिरियलची आयडिया लिलियम्मा सिस्टरची. ती केरळची, तिच्या दोन बहिणी आखातात. दवाखान्याच्या व्हरांड्यात चाय पेता पेता ताईले म्हणे, "वच्छला, तू इंग्लिश आँख से पढ़ती, कान से नई पढ़ती. सीरियल देखो."

"कोणती?" मी इचारलं.

"एकइच सीरियल. दस अलग अलग नई. वही लोग, वही आवाज, तो कान को आदत होता. घर का बात होना, मारामारी नई. पीछे गाना-बजाना कम. और नीचे इंग्लिश अक्षर छपा होना. पहले अक्षर के साथ देखना. फिर वही टुकड़ा अक्षर ढाँक के देखना. फिर मुँह से बोलना. रोज. समझा?"

"समजलं जी," मी म्हणलो. "सिनेमे पाह्यण्यात माही पीएचडी आहे."

"पहले मैट्रिक तो कर," लिलियम्मा म्हणे.

चंद्रपूरले गुणवंतरावची व्हिडिओ लायब्ररी होती. त्याची माय राजुऱ्यात राहे, तिच्या पायाच्या जखमेची पट्टी ताई रोज घरी जाऊन बदले. त्याच्यामुळं गुणवंतराव मले बसाले खुर्ची देत. नाईतर मले कोण देते खुर्ची!

"इंग्रजी सिरियल पाह्यजे, अन खाली इंग्रजीच अक्षरं?" गुणवंतराव डोकं खाजवत म्हणले. "अक्षरवाल्या आहेत, पण अक्षरं अरबी. सारा माल दुबईवरून येते ना बे."

त्यानं लावून दाखवलं. पोलिसाच्या गाड्या, टायरचा आवाज, अन खाली उजवीकडून डावीकडं पळणाऱ्या अळ्या. मी म्हणलो, हे काढा. दुसरी हसवाची होती. एक जण बोले अन न दिसणारे शंभर लोकं हसत. त्या हसण्यात पुढचं वाक्य बुडून जाये. तेही काढलं.

मंग गुणवंतराव आतून एक खोकं घेऊन आले. बहिऱ्या-मुक्या पोराईची एक शाळा होती, तिथी कोणी अमेरिकन नवराबायको शिकवाले आले होते. जाताना हे खोकं सोडून गेले. बहिऱ्याईसाठी बनवलेल्या कॅसेटी, बोलणं इंग्रजी अन खाली काळ्या पट्टीवर पांढरी इंग्रजी अक्षरं. पण अमेरिकेची कॅसेट आपल्या मशीनवर लावली का चित्र लोळते, म्हणून कोणी नेत नव्हतं. गुणवंतरावापाशी दुबईचा एक व्हीसीआर अन टीव्ही असा होता का त्याच्यावर साऱ्या देशाच्या कॅसेटी चालत.

खोक्यात दोन सिरियली होत्या. मी एक युक्ती केली. टीव्हीकडं पाठ करून उभा राह्यलो. मले समजत तर काहीच नव्हतं, पण एक शब्द कुठी संपते अन दुसरा कुठी सुरू होते, ते सुटं ऐकू येते का नाई, हे तर समजते. दोन्हीत येत होतं. एका वेळी एकच माणूस बोले, मागं बाजा नाई, बोलणाऱ्याचं तोंड मोठं दिसे.

पह्यलीत दोन म्हातारे भाऊ, घड्याळ दुरुस्तीचं दुकान. एक घड्याळ खोलते, दुसरा इचारते काऊन खोललं. एवढंच. पाच मिनिटात मले जांभई आली. दुसरीत एक विधवा म्हातारी, तिचं मोठं घर, भाडेकरू ठेवलेले. त्यातली एक पोट्टी लग्नाच्या मांडवातून पळून आलेली, पांढऱ्या झग्यातच दरवाजा ठोकते. मी पाठ फिरवून होतो, पण गुणवंतरावनं झग्याचं सांगतलं तसा वळूनच पाहाले लागलो.

"ही," मी म्हणलो. बारा कॅसेटी होत्या. घड्याळवाली तिथीच ठेवून दिली.

लग्नसराई संपली होती, मशीन भाड्यानं नेणारं कोणी नव्हतं, म्हणून गुणवंतरावनं मशीन अन टीव्ही पंधरा दिवसाले देऊन टाकला. "तुह्या बहिणीसाठी देऊन राह्यलो," म्हणे, "तुह्यासाठी नाई."

आता आमच्या वस्तीत व्हीसीआर येणं म्हणजे काय ते सांगाची गरज नाई. मशीन खाटेवर ठेवून वायर जोडत नाई तं केसरबाई पाट घेऊन हजर. तिच्या मागून तिच्या सुना. मंग वस्तीतली साऱ्यात म्हातारी बायनाबाई, तिले तिच्या नातवानं दोन्ही बगलीत धरून आणलं अन टीव्हीच्या एकदम समोर बसवलं. कोणाच्या घरी मशीन आली अन दार लावून बसले, असं आमच्याकडं कोणी करत नाई. तसं करणाऱ्याच्या घरी मंग मयतीलेही कोणी येत नाई.

"कोणता शिनिमा व्हय?" बायनाबाई.

"सिनेमा नाई आजी, ताईचा अभ्यास आहे," मी म्हणलो. "इंग्रजी आहे. तुमाले समजणार नाई."

"मले मराठी तरी कुठी समजते," म्हणे, "लाव."

पांढऱ्या झग्यातली पोट्टी दरवाजा ठोकाले लागली तशी वस्ती गप झाली. म्हातारीनं दार उघडलं, पोट्टी काहीतरी बोलली, खाली अक्षरं आली.

"काय म्हणते वो ती?" केसरबाईनं ताईले इचारलं.

ताईनं वाचून सांगतलं. "म्हणते, मले एका रातीसाठी जागा द्या. माह्यामागं लोकं येऊन राह्यले."

"अगं माय! मंग?"

"म्हातारी म्हणते, चपला बाहेर काढ."

सारे हसले. अन ताईही हसली. ताईले असं लोकात बसून हसताना मी किती तरी दिवसानं पाह्यलं.

पह्यल्या दिवशी मले वाटलं, वा. ताई मोठ्यानं सांगून राह्यली म्हणजे शिकून राह्यली. दुसऱ्या दिवशी बाया सहाच वाजता आल्या. तिसऱ्या दिवशी तं अंगणात बसाले बांबूच्या तट्ट्या टाकाव्या लागल्या, खिडकीतून पाहणारे वेगळे. ताई ड्युटीवरून येई, तोंड धुवे, अन टीव्हीच्या बाजूले मोड्यावर बसे. अक्षरं आली का धडाधड मराठीत सांगे. आवाजही बदले. म्हातारीचा खरखरीत, पोट्टीचा बारीक, अन दारू पेणाऱ्या भाडेकरूचा तर असा का आमचा बाप देवाजी, जो कधी हसत नाई, तोही मिशीत हसे. दवाखान्यात तिले 'ए सिस्टर' म्हणणारे लोकं होते. इथं सारी वस्ती तिच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती.

पाचव्या दिवशी मले खटकलं. टीव्हीत दारूवाला बोलत होता. त्याचं बोलणं अर्धंच झालं होतं अन ताई हसली. पूर्ण सांगूनही झालं. मंग तो पुढं बोलतच राह्यला, पण ते ताईच्या सांगण्याखाली दबून गेलं. मी नीट पाहाले लागलो. पुढचं वाक्य, तेच. त्याच्या पुढचं, तेच. अक्षर आलं, ताईनं वाचलं, ताईनं सांगतलं, बाया हसल्या, अन या साऱ्या गलक्यात टीव्हीतला माणूस तोंड हलवत होता. त्याचा आवाज त्या खोलीत कोणीच ऐकत नव्हतं. ताई तर बिलकुल नाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिले म्हणलो, "तू ऐकून नाई राह्यली. वाचून राह्यली."

"वाचल्याशिवाय सांगू कशी?"

"सांगूच नको ना! लिलियम्मा काय म्हणली? तोच टुकडा अक्षर झाकून परत पाहाचा."

"बायनाबाईले म्हण, तोच टुकडा परत पाह्य म्हणून," ताई म्हणे. "अन माहं वाचणं वाढलं ना? आता अक्षर सरकाच्या आत अर्थ लागते."

"वाचणं तुह्यं पह्यलेच होतं!"

संध्याकाळी मी दारात उभा राह्यलो अन साऱ्याईले सांगतलं, आज सिरियल बंद, घरी जा. केसरबाई म्हणे, तुह्या बापाचं घर आहे का? मी म्हणलो, हो, माह्याच बापाचं आहे. बायनाबाई तेवढ्यात नातवाच्या हातातून माह्या काखेखालून आत घुसाले लागली. मी तिचा पाट उचलून अंगणात फेकला. पाट फुटला. बापानं मागून येऊन माह्या कानाखाली दिली, साऱ्याईसमोर. अन ताई? ताईनं बायनाबाईले हात धरून आत नेलं, स्वताचा मोडा दिला, अन म्हणे, "या आजी. त्या पोट्टीचा नवरा आज तिले शोधाले येणार आहे."

मी रातभर वस्तीच्या बाहेर नाल्यावर बसून राह्यलो. सकाळी पह्यल्या एसटीनं चंद्रपूरले गेलो अन गुणवंतरावपासून ती घड्याळवाली सिरियल घेऊन आलो. डोक्यात आता लख्ख झालं होतं. त्या दोन म्हाताऱ्या भावाईत काहीच होत नव्हतं. ती लावली असती तं दुसऱ्याच दिवशी अंगण रिकामं झालं असतं. ताई एकटी बसली असती टीव्हीसमोर, अन हजार वेळा तेच ऐकलं असतं. चांगली सिरियल आणून मीच वाटोळं केलं होतं.

त्या दिवशी मी कोणाले न सांगता घड्याळवाली लावली. भावानं घड्याळ खोललं. दुसऱ्यानं इचारलं काऊन खोललं. बाया चुळबूळ कराले लागल्या. दहा मिनिटात केसरबाईची लहान सून उठली, मंग मोठी. माह्या मनात गुदगुल्या होऊन राह्यल्या होत्या. आणखी पाच मिनिटं, मी म्हणत होतो, आणखी पाच.

"हे काय लावलं रे?" ताई म्हणली.

"हे चांगलं आहे. सावकाश बोलतेत."

"ते काढ. तिचा नवरा दरवाज्यापाशी आला तिथी कॅसेट संपली होती. म्हातारीनं दार उघडलं का नाई?"

मी तिच्याकडं पाहाले लागलो. बायाईसाठी नव्हती इचारत ती. तिलेच पाह्यजे होतं.

"इंटरव्यू तुहा आहे का त्या पोट्टीचा?" मी ओरडलो.

"लाव ना रे," ती म्हणे. हळूच म्हणे. जशी ताप आलेली माणसं पाणी मागतेत तशी. "दिवसभर तिथी उभी राहते मी. लाव ना."

मी लावली.

इंटरव्यूच्या तीन दिवस आधी लिलियम्मा घरी आली. तिनं डोळे मिटून टीव्ही ऐकला, मंग डोळे उघडून पाह्यला, अन मले बाजूले नेऊन म्हणे, "ये अक्षर पूरा नई है. आदमी लंबा बोलता, नीचे छोटा लिखा. बहरे लोग के लिए है ना, जल्दी पढ़ना सकना, करके काट के लिखा. अक्षर ढाँक के कितना बार देखा?"

मी तिच्यासाठी चाय टाकाले वळलो.

"एक बार भी नई?"

ती निघून गेली. तशीच, चाय न पेता.

दुसऱ्या दिवशी ताईची सुट्टी होती. दुपारी सारी वस्ती कामावर, नाईतर झोपलेली. मी वर्तमानपत्राची पट्टी फाडली अन भाताच्या शितानं टीव्हीच्या खालच्या भागावर चिकटवली. ताई समोर येऊन बसली. मी सुरुवातीची पह्यली कॅसेट लावली. पांढरा झगा, दरवाजा, म्हातारी. हे सारं तिले तोंडपाठ होतं, म्हणून ती हसत होती. मंग मी काहीच न सांगता नववी कॅसेट लावली, जी तिनं अजून पाह्यली नव्हती.

म्हातारी अन दारूवाला स्वयंपाकघरात बोलत होते.

"काय म्हणते?" मी इचारलं.

ताई पुढं सरकली. "परत लाव."

मी मागं नेली, परत लावली.

"परत."

मशीन घर्र करून मागं जाई, परत तेच दोन तोंडं. चौथ्यांदा ती म्हणे, "वॉटर म्हणला. अन थर्सडे."

"बाकी?"

तिच्या कपाळावर घाम आला होता. पंखा चालू होता. तिनं दोन्ही हात कानामागं लावले, आमची बायनाबाई लावते तसे. मी पाचव्यांदा लावली. ताई उठली, कागदाची पट्टी नखानं ओढून काढली. खाली अक्षरं आली अन तिनं ती एका दमात वाचून टाकली.

"लय सोपं आहे रे," ती म्हणे. "पाह्य ना किती सोपं आहे."

पट्टी परत चिकटवाची माही हिंमत झाली नाई. दोन दिवसात काय होणार होतं?

नागपूरले मी तिच्यासंग गेलो. सीताबर्डीच्या एका हॉटेलात वरच्या मजल्यावर इंटरव्यू होता. बाहेर पन्नासेक पोट्ट्या, कडक इस्त्रीच्या साड्या. सकाळी लेखी झालं. यादी लागली, ताईचा पह्यला नंबर. एजंट माह्या पाठीवर थाप मारून म्हणे, "तेरी बहन का तो हो गया समझ." मी त्याच्या हाताकडं पाहत राह्यलो.

तिचं नाव पुकारलं. दरवाज्याले वर काचेचा तुकडा होता. शिपाई हटकत होता, पण मी तिथून हललो नाई. गोरी मेट्रन होती, केस पांढरे, चेहरा चांगला. बाजूले एक अरब साहेब, समोर ताई. मेट्रन बोलली. ताई तिच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती, अन मंग तिची नजर सरकून खाली गेली. हनुवटीच्या खाली. कोटाच्या गुंड्यापाशी. तिथी थांबली, अन डावीकडून उजवीकडं फिरली.

तिथी काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी काचेवर हात मारला. शिपायानं माही कॉलर धरून मले जिन्यापर्यंत नेलं. मी त्याले शिव्या दिल्या, त्यानं मले दिल्या. सात-आठ मिनिटानं ताई बाहेर आली तं मी जिन्याच्या पायरीवर बसून होतो. मागून एजंट आला. तो ताईशी हिंदीत बोलला, म्हणे, सिस्टर, पेपर फर्स्ट क्लास, लेकिन वहाँ मरीज पेपर पे नहीं बोलेगा ना. यादीवर तिच्या नावावरून त्यानं पेन फिरवला. आमच्यासमोरच फिरवला, त्याले काही वाटलं नाई.

एसटीत खिडकीची जागा मी तिले दिली. मले वाटे, तिनं मले काहीतरी बोलावं. एक थप्पड मारली असती तरी बरं झालं असतं. ती बाहेर पाहत होती अन तिचे ओठ हलत होते.

बुटीबोरी गेल्यावर ती एकदम म्हणे, "पेशंट खाटेवरून पडला तं पह्यले काय करशील, असं इचारत होती ती."

"कोण?"

"मेट्रन. आता अर्थ लागला मले. पह्यले हलवाचं नाई त्याले, श्वास पाहाचा, मान धराची." तिनं सारं सांगतलं, बोटावर मोजून. काहीच सुटलं नाई.

जांबच्या स्टँडवर गाडी थांबली. मी तिले उसाचा रस आणून दिला. तो हातातच धरून ती म्हणे, "दुसरं रक्त चढवण्याचं होतं. बाटलीवर काय काय तपासाचं." तेही सांगतलं. बाजूचा माणूस आमच्याकडं पाहाले लागला. मी त्याच्याकडं असं पाह्यलं का त्यानं तोंड फिरवलं.

वरोऱ्यापर्यंत तिनं चार प्रश्न सोडवले. ती मेट्रनचा आवाज आठवून आठवून काढे, एक एक शब्द सुटा करे, जसा मटरचा दाणा शेंगातून काढतेत. म्हणजे आवाज कानात गेला होता. सारा गेला होता. फक्त उशिरा उघडून राह्यला होता, अन गाडी चंद्रपूरकडं पळत होती. मी ड्रायव्हरले थांब म्हणू शकत नव्हतो. अन थांबवून तरी कुठी जाणार होतो?

"शेवटी एक बोलली ती," ताई म्हणे. "लय हळू. टेबलावरचा कागद माह्याकडं सरकवला अन बोलली. मले वाटलं, झालं आता, जा म्हणते. मी म्हणली, नो मॅडम, थँक यू."

भद्रावती आली, लोकं चढले, उतरले. ताईचे ओठ परत हलाले लागले. मंग थांबले.

"काय म्हणली होती?" मी इचारलं.

तिनं रसाचा ग्लास माह्या हातात दिला. तिनं त्यातला एक घोटही पेला नव्हता.

"प्रश्न लिहून देऊ का, म्हणे."